हरीण, राजा आणि चार सेकंद

लग्नाची जुनी कॅसेट शेवटपर्यंत कोणी पाहत नाही. नवरी गाडीत बसते, बायका पदराने डोळे टिपतात, गाडी कोपऱ्यावर वळते आणि घरातलं कोणीतरी उठून व्हीसीआर बंद करतं. माझ्या मावसबहिणीच्या आत्याच्या लग्नाची कॅसेट गेली पस्तीसेक वर्षं अशीच गाडी वळली की थांबत आली होती. मागच्या दिवाळीत ती पेनड्राइव्हवर उतरवून आणली, सगळे फराळाला बसले होते, गाडी वळली आणि बोलण्याच्या नादात बंद करायचं राहिलं. पडद्यावर मुंग्या आल्या, खरखर झाली आणि क्षणभर काहीतरी पिवळंजर्द, रंगीत हललं. तिथेच फाइल संपली.

चकलीचा तुकडा हातात तसाच ठेवून ताई म्हणाली, "अरे, हे तर ते हरणाचं कार्टून!"

ते हरणाचं कार्टून आमच्या घरात प्रसिद्ध होतं, कारण ते ताईखेरीज कोणालाच आठवत नव्हतं. तिची गोष्ट अशी होती: रविवारी सकाळी दूरदर्शनवर एक हिंदी कार्टून लागायचं. त्यात एक सोन्याचं हरीण होतं. ते खूर आपटायचं की नाणी पडायची. एक बहीण-भाऊ त्या हरणाचे मित्र असतात. एक लोभी राजा हरणाला पकडतो आणि नाणी पाडायला लावतो. अट एकच, की 'बस्स' म्हणायचं नाही. नाणी इतकी साचतात की राजा गळ्यापर्यंत बुडतो, शेवटी 'बस्स' म्हणतो आणि सगळ्या सोन्याचा कोळसा होतो. नाव काय? माहीत नाही. कधी पाहिलंस? तिसरी-चौथीत असताना. किती वेळा? "खूपदा. का कोण जाणे, पण खूपदा."

त्या 'खूपदा'चं उत्तर निदान आता मिळालं होतं. ते कार्टून घरच्या कॅसेटवर होतं आणि त्याच कॅसेटवर पुढे लग्न भरलं गेलं. कोरी कॅसेट महाग होती, तेव्हा असं घरोघरी चालायचं. लग्न कॅसेटच्या लांबीला थोडं कमी पडलं आणि शेपटाला जुन्यातलं थोडंसं उरलं. ते नेमकं कुठून उतरवून घेतलं होतं, हे काकांना आता आठवत नाही.

माझं काम तिथून सुरू झालं. हाताशी दोन साक्षीदार होते: चाळीस वर्षांपूर्वीच्या लहान मुलीची आठवण आणि एक धूसर चित्र. दोघेही कच्चे होते, पण दोघांचा कच्चेपणा वेगळ्या जातीचा होता. असं विसरलेलं कार्टून शोधताना बहुतेकांची पहिली चूक होते ती इथेच. दोघांना एकत्र बसवून विचारतात. चित्रात न दिसणारं आठवणीतून भरतात, आठवणीत नसलेलं चित्रातून, आणि मग दोघेही एकच खोटं सांगू लागतात.

म्हणून आधी आठवणीची जबानी घेतली. चित्र पुन्हा पाहायच्या आधी, काहीही शोधायच्या आधी, ताईला आठवत होतं ते सगळं एका वहीत उतरवलं आणि तारीख घातली. हे वाटतं तितकं किरकोळ नाही. एकदा शोध सुरू झाला की दहा कार्टूनची चित्रं डोळ्यांखालून जातात आणि त्यांतलं कुठलं आपल्या आठवणीत मिसळलं, हे नंतर सांगता येत नाही. मग प्रत्येक वाक्यासमोर एकच प्रश्न लिहिला: हे तिने पाहिलं असेल की तिने भरलं असेल?

या बाबतीत एक जुना प्रयोग कामाला येतो. फ्रेडरिक बार्टलेट या केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञाने उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा इंग्रज विद्यार्थ्यांना वाचायला दिली आणि काही काळाने ती आठवून लिहायला सांगितली. १९३२ सालच्या त्याच्या पुस्तकात त्याचे निकाल आहेत. कथेतली कनू नावाची लांबट होडी विद्यार्थ्यांच्या लिखाणात साधी बोट झाली. सीलची शिकार मासेमारी झाली. जे परकं होतं ते आपलंसं झालं, आणि ज्याचा संबंध लागत नव्हता ते गळून गेलं. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू नव्हे. ती दर वेळी घरात असलेल्या सामानातून पुन्हा बनवली जाते.

ताईची गोष्ट या चाळणीतून घातली. 'रविवारी सकाळी दूरदर्शनवर' हे पहिल्यांदा खाली पडलं. तिच्या पिढीची सगळी कार्टून रविवारी सकाळी दूरदर्शनवरच असतात. ती एकेका कार्टूनची आठवण नसते, त्या वयाची असते. 'हिंदी' हेही पडलं. मूल गोष्टीचा अर्थ लक्षात ठेवतं, वाक्यांची भाषा फार वेळ टिकत नाही. बहीण-भावाबद्दल मला शंका होती, कारण ऐकणारी स्वतः एका भावाची बहीण होती आणि मुलं गोष्टीत स्वतःसाठी जागा करून घेतात. 'कोळसा' हा शब्द तर मराठीच्या ताटातला. सोन्याची माती होते किंवा कोळसा होतो, तिसरं काही आपल्या तोंडी पटकन येत नाही.

चाळणीत उरलं काय? खुरांतून नाणी. आणि 'बस्स' म्हटलं की सारं संपतं, ही अट. या दोन गोष्टी आपल्या सामानातल्या नव्हत्या. सोन्याचं हरीण रामायणातून आलं असतं, लोभी राजा कुठूनही आला असता. पण खुरांतून उडणारी नाणी आणि तो निषिद्ध शब्द ताईने स्वतः रचला असण्याची शक्यता फार कमी. आठवणीतला जो तपशील आपल्या कुठल्याच ओळखीच्या खणात बसत नाही, तो बहुधा खरा असतो. शोध त्याच्यावर उभा करायचा.

आता दुसरा साक्षीदार. फाइल चित्राच्या सुरुवातीलाच का संपली, हे विचारायला मी कॅसेट उतरवून देणाऱ्या दुकानात गेलो. "लग्न संपल्यावर खराब भाग होता, तो कापला," असं तिथल्या मुलाने सरळपणे सांगितलं. त्याचं काही चुकलं नव्हतं, गिऱ्हाइकाला मुंग्या नको असतात. मी कॅसेट पुन्हा दिली आणि चिठ्ठीवर लिहून घेतलं: टेप संपेपर्यंत उतरवणे, काहीही न कापणे. या वेळी चार सेकंद मिळाले. कोणाच्या घरी अशा कॅसेट असतील तर एवढं सांगून ठेवतो, की हरवलेल्या गोष्टी नेहमी टेपच्या शेपटाला असतात आणि दुकानदाराची कात्री तिथेच चालते.

चार सेकंद म्हणजे किती? भारतातला टीव्ही सेकंदाला २५ चित्रं दाखवायचा. युरोप आणि सोव्हिएत संघही २५च. अमेरिका आणि जपान मात्र सुमारे ३०. म्हणजे माझ्याकडे शंभर चित्रं होती. व्हीएलसी या प्लेयरमध्ये फाइल थांबवून `E` दाबत राहिलं की एकेक चित्र पुढे सरकतं. शंभर वेळा `E` दाबायला दहा मिनिटं लागली, आणि त्या दहा मिनिटांत नंतरच्या दोन दिवसांच्या शोधापेक्षा जास्त कळलं.

पहिली गोष्ट म्हणजे एकही चित्र दुसऱ्यात विरघळलेलं नव्हतं. अमेरिकी कॅसेट आपल्याकडच्या पद्धतीत उतरवली की ३०ची २५ करताना शेजारशेजारची चित्रं एकमेकांत मिसळतात, हलत्या वस्तूला भुतासारखी दुसरी छाया येते. इथे तशी छाया नव्हती. म्हणजे हे कार्टून २५च्या मुलखातून आलं असण्याची शक्यता जास्त. पुरावा पक्का नव्हे, पण कल कळला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. टीव्हीसाठी झटपट बनवलेल्या कार्टूनमध्ये धड स्थिर राहतं, फक्त तोंड किंवा एक हात हलतो. तेवढीच नवी चित्रं काढावी लागतात आणि खर्च वाचतो. माझ्या शंभर चित्रांत सगळंच हलत होतं. राजाचा हात एका लयीत, बाहीची घडी त्यामागून वेगळ्या लयीत, नाण्यांची घसरण तिसऱ्या लयीत. माणसाची हालचाल तर अशी होती की नटाला अभिनय करायला लावून त्यावरून चित्र काढलं असावं. हे चित्रपटगृहासाठी, सवडीने आणि पैसे घालून केलेलं काम होतं. असं काम सातत्याने करणारे स्टुडिओ जगात फार नव्हते. शोधाचं मैदान एका फटक्यात लहान झालं.

शंभरांतलं एक चित्र मी निवडलं. त्यासाठी जिथे हालचाल जवळजवळ थांबलेली आहे अशी जागा शोधावी लागते. व्हीएचएसचं प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांची वेणी असते. आधी विषम ओळी, मग सम ओळी, मध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग. वस्तू वेगात असेल तर दोन अर्धी जुळत नाहीत आणि कडांना कंगव्यासारखे दाते येतात. राजा हात वर करून थबकतो तो क्षण मी घेतला.

मग ते चित्र काळं-पांढरं केलं. हे अनेकांना उलटं वाटतं, असलेला रंगही घालवायचा? पण व्हीएचएसवर उजेड-अंधार जितका बारकाईने नोंदला जातो, त्याच्या कितीतरी कमी बारकाईने रंग नोंदला जातो. म्हणून जुन्या कॅसेटवर लाल साडीचा लाल रंग शेजाऱ्याच्या सदऱ्यावर सांडलेला दिसतो. माझ्या चित्रातही पिवळा रंग सगळीकडे पसरून आकार गिळत होता. तो काढला तशा कडा उभ्या राहिल्या. धार वाढवणारे फिल्टर मात्र मी लावले नाहीत, कारण ते कड शोधत नाहीत, जिथे शंका आहे तिथे कड रंगवतात.

चित्रात दिसलं ते एवढंच: खाली एक ढीग, त्यातून वर आलेलं माणसाचं शरीर, डोक्यावर पागोटं, आणि उजवीकडे वरच्या बाजूला सडपातळ, उसळी घेतलेला प्राणी. त्याच्या डोक्यावर दोन रेघा, किंचित मागे वळलेल्या. शिंगांना फाटे नव्हते. हे मी वहीत लिहिलं खरं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

चुकीच्या वाटा दोन निघाल्या, आणि दोन्ही चांगल्या होत्या. पागोटं, राजा, सोनेरी हरीण. मला वाटलं, हे तर मुंबईचं काम. फिल्म्स डिव्हिजनने पन्नाशीच्या दशकात आपला कार्टून विभाग सुरू केला, तेव्हा डिस्नेकडे काम केलेला क्लेअर वीक्स हा कलावंत इथल्या चित्रकारांना शिकवायला आला होता. तो मिशनऱ्यांचा मुलगा, जन्म भारतातलाच. त्या विभागाचं १९५७चं 'द बनियन डियर' हे रंगीत कार्टून जातककथेवर आहे, आणि तिच्यात सोनेरी हरीणही आहे, शिकारी राजाही आहे. दोन दिवस मी त्याच आनंदात होतो. पण जातककथेतल्या राजाला हरणांचा राजा गाभण हरिणीच्या जागी स्वतःचा जीव देऊ करतो, आणि ते पाहून राजाचं मन पालटतं. तिथे नाणी नाहीत आणि निषिद्ध शब्दही नाही. वहीत 'नक्की' म्हणून अधोरेखित केलेल्या दोन्ही गोष्टी तिथे नव्हत्या. जुळत होतं ते सारं 'शंका' या रकान्यातलं. हे लक्षात आल्यावर मन घट्ट करून ते नाव खोडलं.

दुसरं नाव एका मित्राने सुचवलं: वॉल्ट डिस्नेने १९३५ साली स्वतः दिग्दर्शित केलेलं 'द गोल्डन टच'. सोन्यात बुडालेला लोभी राजा तिथे आहे, आणि चित्रांची हालचालही तितकीच श्रीमंत. पण तो मिडास. तो हात लावेल त्याचं सोनं होतं, सोनं देणारा एक चिमुकला बुटका आहे, आणि शेवटी राजाला सगळ्यापेक्षा एक हॅम्बर्गर मोलाचा वाटतो. हरीणही नाही, पागोटंही नाही.

आता चूक कुठे होती ती सांगतो. मी इंग्रजीत शोधत होतो आणि प्रत्येक वेळी `deer` लिहीत होतो. `golden deer cartoon king coins` टाकलं की सीतेचं सुवर्णमृग यायचं, जातक यायचं, नाताळच्या घसरगाडीची हरणं यायची. चौथ्या दिवशी वही चाळताना 'शिंगांना फाटे नाहीत' ही माझीच ओळ दिसली. चितळाच्या, सांबराच्या शिंगांना फाटे असतात; काळविटाच्या, चिंकाऱ्याच्या शिंगांना नसतात. इंग्रजीत पहिल्यांना डियर म्हणतात, दुसऱ्यांना अँटिलोप. मराठीत आपण दोघांनाही खुशाल हरीण म्हणतो. ताईने 'हरीण' म्हटलं ते बरोबरच होतं. चूक भाषांतर करणाऱ्याची होती, म्हणजे माझी.

शब्द बदलला आणि वहीतल्या दोन पक्क्या गोष्टी त्याला जोडल्या:

`cartoon antelope hooves gold coins greedy raja "enough"`

पहिल्याच पानावर नाव आलं. 'द गोल्डन अँटिलोप', १९५४, स्टुडिओ सोयुझमुल्टफिल्म, मॉस्को.

दिग्दर्शक लेव अतामानोव. लांबी सुमारे अर्धा तास. गोष्ट भारतीय लोककथांच्या धाग्यांवरून बांधलेली. इंग्रजी नावाने तुकडेच सापडतात, म्हणून मूळ रशियन नाव `Золотая антилопа` उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवलं, तशी पूर्ण फिल्म मिळाली. परदेशी कार्टूनच्या बाबतीत ही पायरी चुकवू नये. इंग्रजी नाव देशागणिक बदलतं, मूळ लिपीतलं नाव बदलत नाही.

इथे बहुतेक जण उडी मारतात आणि आठवणाऱ्याला बोलावून म्हणतात, "बघ, हेच ना?" ते मी केलं नाही. 'हेच ते' असं वाटणं फार स्वस्त असतं. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना डिस्नेलँडची एक खोटी जाहिरात दाखवली होती. तिच्यात बग्ज बनी हा ससा मुलांशी हात मिळवत होता. नंतर विचारल्यावर काही जणांनी सांगितलं, की हो, लहानपणी डिस्नेलँडमध्ये आम्ही त्याला भेटलो होतो. आता बग्ज बनी हा वॉर्नर ब्रदर्सचा. डिस्नेच्या अंगणात तो उभा राहणं शक्यच नव्हतं. एका कागदावरच्या चित्राने लोकांच्या बालपणात ससा आणून सोडला.

म्हणून ओळखपरेड घेतली, पोलीस घेतात तशी. तीन वेगवेगळ्या फिल्ममधली पागोटेवाल्या राजांची तीन चित्रं ताईला पाठवली आणि एवढंच लिहिलं: यातलं कुठलं ओळखीचं वाटतं? एकही नसेल तर तसं सांग. बुडालेला राजा कुठल्याच चित्रात नव्हता, म्हणजे प्रसंगावरून अंदाज बांधायला वाव नव्हता. तिने पाच मिनिटांत दुसरं चित्र निवडलं. ते मॉस्कोचं होतं. तीनातलं एक अंदाजानेही लागू शकतं, त्यामुळे मी एवढ्यावर थांबलो नाही.

खरा निकाल तिच्या हातात नव्हताच, तो त्या धूसर चित्राच्या हातात होता. फिल्म शेवटाकडे नेली, राजा सोन्यात बुडू लागतो तिथून `E` दाबत गेलो. हात वर करून थबकण्याची जागा आली. ते चित्र काढलं, काळं-पांढरं केलं, आकार कॅसेटच्या चित्राएवढा केला आणि अर्धं पारदर्शक करून त्यावर ठेवलं. कॅसेटवर कडेचा थोडा भाग कापला गेला होता, तेवढं सरकवावं लागलं. मग ढिगाची कड ढिगावर बसली, पागोटं पागोट्यावर, आणि वरच्या दोन रेघा शिंगांवर. पुढची काही चित्रंही त्याच क्रमाने जुळली. एक चित्र योगायोगाने जुळू शकतं, ओळीने जुळत नाहीत.

त्यानंतर ताईला फिल्म दाखवली, आणि वही शेजारी ठेवली. फिल्ममध्ये बहीण-भाऊ नाहीत, एकटा पोरका मुलगा आहे. तो शिकारी राजापासून हरणाला वाचवतो आणि त्या उपकाराची गोष्ट पुढे सरकते. राजाच्या दिमतीला एक न्हावी आहे, तो ताईच्या आठवणीतून साफ पुसला गेला होता. सोन्याचा कोळसा होत नाही, मातीच्या खापऱ्या होतात. आणि खुरांतून नाणी? तंतोतंत. निषिद्ध शब्द? तंतोतंत. मूळ संवाद रशियनमध्ये आहेत. राजाचा आवाज रुबेन सिमोनोव या मॉस्कोच्या नामवंत रंगकर्मीचा. कॅसेटच्या चार सेकंदांत खरखरीखेरीज काही ऐकू येत नाही, त्यामुळे घरातली प्रत मूळची होती की कोणी त्यावर दुसरी भाषा चढवली होती, हे त्यातून ठरवता येत नाही. या पद्धतीची हद्द तिथे येते. चित्राने फिल्म सिद्ध झाली, ती घरात कशी आली ते झालं नाही.

राहता राहिला एक प्रश्न. मॉस्कोच्या चित्रकारांचा राजा आम्हा सगळ्यांना इतका आपला कसा वाटला, की मी चार दिवस मुंबईतच शोधत बसलो? या फिल्मची कलाबाजू अलेक्झांडर विनोकुरोव आणि लिओनिद श्वार्त्समन या दोघांनी सांभाळली. श्वार्त्समनने पुढे सोव्हिएत मुलांचा लाडका मोठ्या कानांचा चेबुराश्का घडवला. त्या काळी त्या स्टुडिओत माणसांची पात्रं करताना नटांना वेशभूषेत उभं करून आधी छायाचित्रण करायचे आणि त्यावरून एकेक चित्र काढायचे. त्यामुळे पात्राचं शरीर खऱ्या माणसासारखं वजन घेऊन हलतं, आणि पागोटं, धोतर, उघडे पाय यांची सजावट त्या वजनावर बसते. शिवाय वर्ष पाहा. १९५४ म्हणजे राज कपूरचा 'आवारा' सोव्हिएत संघात झळकला ते वर्ष, आणि पुढच्याच वर्षी नेहरू मॉस्कोला गेले. भारत तिथे तेव्हा कुतूहलाचा विषय होता. ज्यांच्या हाती बालपणी मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं पडली आहेत, गुळगुळीत कागदाची आणि स्वस्त किमतीची, त्यांना ही देवाणघेवाण समजावून सांगावी लागणार नाही. आपण त्यांच्या परीकथा वाचत होतो, आणि त्यांनी आपल्या कथांमधून राजा उचलला होता.

बार्टलेटच्या विद्यार्थ्यांनी परक्याचं आपलं केलं. इथे तेच दोनदा घडलं होतं. आधी मॉस्कोत भारतीय कथेची सोव्हिएत फिल्म झाली, मग आमच्या मावशीच्या घरात सोव्हिएत फिल्मचं हिंदी कार्टून.

ताईने फिल्म सलग पाहिली, मध्ये एक शब्द बोलली नाही. राजा गळ्याशी आला, हात वर करून थबकला. कॅसेटचे चार सेकंद जिथे तुटतात ती जागा मागे पडली. मग राजा ओरडला, 'दवोल्ना'. रशियनमध्ये याचा अर्थ 'पुरे'. सोनं खाडकन खापऱ्या झालं.

ताईने मला रिमोट मागितला, दहा सेकंद मागे गेली आणि पुन्हा ऐकलं. तीनदा ऐकलं. मग म्हणाली, "मी शपथेवर सांगितलं असतं रे, तो 'बस्स' म्हणतो."